दाखवले 271, हवे होते 225: म्युनिक ते स्टुटगार्टच्या वाटेवर लागलेले कासव

जानेवारीतला शनिवार होता. संध्याकाळी सव्वापाच वाजता, अंधार पडलेला असताना, माझ्या एका मित्राची इलेक्ट्रिक गाडी जर्मनीतल्या ए-8 महामार्गाच्या चढावर ताशी 52 किलोमीटरने चालली होती. पॅडल तळापर्यंत दाबलेले, डॅशबोर्डवर पिवळे कासव, म्हणजे गाडीने शक्ती कमी केल्याची खूण, मागून येणारे ट्रक दिवे मारताहेत. मागच्या सीटवर मुलगी झोपलेली. वहिनींनी फक्त एकच प्रश्न विचारला, "आपण थांबणार आहोत का?" मित्राकडे उत्तर नव्हते.

मी स्टुटगार्टला बॅटरीच्या नियंत्रण प्रणालीवर काम करतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी फोन मलाच आला. त्याचे म्हणणे असे की गाडीने फसवले. निघताना 271 किमी दाखवले होते आणि घर 225 किमीवर होते. 46 किमी हातात राखून निघालेला माणूस रस्त्यात अडकतो कसा? त्याच्याकडे गाडीच्या निदान सॉकेटला लावायचे छोटे यंत्र होते आणि त्याची नोंद फोनमध्ये शिल्लक होती. ती घेऊन आम्ही एक रविवार बसलो. पुढचे सगळे त्या नोंदीतले आहे. हिशेब जिथे माझा आहे तिथे तसे सांगतो.

गाडी मध्यम आकाराची हॅचबॅक, सहा वर्षांपूर्वीच्या घडणीची. बॅटरीची वापरता येणारी क्षमता 58 किलोवॉट-तास, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत 58 युनिट. पुढे युनिटच म्हणतो. हीट पंप नाही. आतली हवा तापवायला साधा विजेचा हीटर आहे, गीझरमधल्या कॉइलचा भाऊ म्हणा. कंपनीच्या पत्रकात एका चार्जवर 420 किमी लिहिलेले आहे.

271 हा आकडा आला कुठून

निघताना चार्ज 82 टक्के होता, म्हणजे साधारण 47.5 युनिट. यावरून 271 किमी दाखवायचे तर गाडीने 100 किमीला साडेसतरा युनिट खर्च धरलेला असणार. हा दर तिला कोणी सांगितला? मागच्या आठवड्याने.

नाताळच्या सुट्टीत हे कुटुंब म्युनिकजवळ नातेवाइकांकडे आठ दिवस राहिले होते. हवा त्या आठवड्यात बरी होती, चार-पाच अंश. रोजचे फिरणे गावांमधल्या रस्त्यांवर, तळ्याकाठी, ताशी 60-70 ने. गाडी रात्री बंद गॅरेजमध्ये. रेंजचा आकडा काढणारे सॉफ्टवेअर मागच्या काही शे किलोमीटरचा सरासरी खर्च घेते आणि उरलेल्या युनिटला त्याने भागते. काही गाड्या नकाशा, चढ-उतार आणि बाहेरचे तापमान मिसळतात. ही गाडी ते करत होती, पण फक्त नेव्हिगेशनमध्ये घराचा पत्ता टाकला तर. मित्राने पत्ता टाकला नव्हता. रस्ता पाठ आहे, मग कशाला? म्हणून 271 हा आकडा तळ्याकाठच्या फिरण्याचा होता. ए-8 ची त्याला काही खबर नव्हती.

पत्रकातल्या 420 बद्दलही दोन शब्द. हा आकडा युरोपातल्या ज्या चाचणीतून येतो ती प्रयोगशाळेत 23 अंशांना होते. अर्ध्या तासात 23 किमी चालते, सरासरी वेग 46.5, आणि 131 चा कमाल वेग फक्त क्षणभर. तो आकडा खोटा नाही. दोन गाड्यांची तुलना करायला चांगला आहे. प्रवास आखायला मात्र निरुपयोगी.

शुक्रवारी रात्री थंडीची लाट आली. गॅरेजमध्ये दुसऱ्या पाहुण्याची गाडी, म्हणून ही बाहेर उभी राहिली. शनिवारी दुपारी साडेतीनला निघताना बाहेर उणे 9 होते आणि नोंदीत बॅटरीचे तापमान उणे 7.

पहिले 65 किलोमीटर

पहिल्या 20 किमीत, शहराच्या कडेने महामार्गापर्यंत, साडेपाच युनिट गेली. वेग कमीच होता, तरी हिशेब 100 किमीला 27 च्या वर. यातली दोन युनिट नुसत्या हीटरची. गोठलेली काच, गोठलेल्या सीट, गोठलेला डॅशबोर्ड, हे सगळे तापवायला पहिली वीस-पंचवीस मिनिटे हीटर पाच किलोवॉटने चालला. पेट्रोलच्या गाडीत इंजिनाची वाया जाणारी उष्णता फुकट मिळते. इथे ती बॅटरीतूनच काढावी लागते.

महामार्गावर मित्राने क्रूझ 130 वर लावला. ए-8 वर बऱ्याच ठिकाणी वेगाला बंधन नाही, 130 हा तिथे सभ्य माणसाचा वेग मानतात. आउग्सबुर्ग येईपर्यंत एकूण 65 किमी झाले, 18 युनिट संपली, चार्ज 51 टक्के. रेंजचा आकडा आता 126 किमी होता आणि घर 160 किमीवर. म्हणजे 65 किमी चालून रेंज 145 किमीने घटली. इथेच कुठेतरी पहिली सूचना आली, सध्याच्या वेगाने खर्च जास्त आहे, वेग कमी केल्यास रेंज वाढेल अशा अर्थाची. मित्राने ती वाचली आणि 120 वर आला. त्याला वाटले, आता आकडा सावरेल.

आकडा सावरला नाही. कारण समजून घ्यायला हवेचा हिशेब करावा लागतो.

गाडीला पुढे ढकलताना मुख्यतः दोन गोष्टी अडवतात, टायरचे घर्षण आणि हवा. टायरचे ओझे वेगाने फारसे बदलत नाही. हवेचे ओझे वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी 90 वरून 130 वर गेलात तर वेग दीडपटीलाही पोचत नाही, पण हवेचा अडथळा दुप्पट होतो. या गाडीसाठी मी हिशेब केला: उणे 8 अंश, वारा नाही, सपाट रस्ता, हीटर आणि इतर मिळून तीन किलोवॉट. 90 ला 100 किमीमागे साधारण 19 युनिट लागतात, 100 ला 20, 130 ला 26. थंडीची भर यात आधीच आहे, कारण थंड हवा जड असते. उणे 8 ची हवा 20 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्के घट्ट. थंडीत टायरचे रबरही कडक होते, वर हिवाळी टायर. असे थोडे थोडे मिळून बरेच होते.

आणि त्या दिवशी समोरून वारा होता, ताशी बारा-पंधरा किमीचा. आपल्याला तो काहीच वाटत नाही, टोपीसुद्धा उडत नाही. पण गाडीच्या दृष्टीने 120 चा वेग आणि 12 चा समोरचा वारा म्हणजे 132 ची हवा. मित्राने 130 वरून 120 वर येऊन जे वाचवले ते जवळजवळ सगळे वाऱ्याने नेले. नोंदीत आउग्सबुर्गनंतरचा खर्च 26-27 युनिटच राहिला आहे. म्युनिकला जाताना असाच वारा पाठीशी होता आणि रस्त्यात कॉफीसाठी थांबून थोडे चार्जिंगही झाले होते. म्हणून त्याच्या डोक्यात "हा रस्ता आपली गाडी आरामात करते" असे बसलेले.

हीटरबद्दल एक गैरसमज जाता जाता. वहिनींनी मध्येच हीटर बंद करून पाहिला आणि मुलगी कुडकुडायला लागली म्हणून दहा मिनिटांत परत लावला. गाडी एकदा आतून तापली की हीटर अडीच किलोवॉटच्या आसपास स्थिरावतो. 130 च्या वेगाला गाडी एकूण 33-34 किलोवॉट खाते, त्यात तो फार तर बारावा-तेरावा हिस्सा. म्हणजे मोठ्या वेगाला हीटर बंद करून जे वाचते त्याहून जास्त ताशी दहा किमी कमी केल्याने वाचते, आणि कोणी कुडकुडत नाही. सीट गरम करणारी तार शंभर वॉटच्या आत भागते. उलट हिमवर्षावात तासन् तास रांगेत अडकलात तर गाडी हलत नाही आणि हीटर एकटाच खातो, तेव्हा हा हिशेब पालटतो.

एल्शिंगेनचा फाटा

122 किमीवर उल्मजवळचा एल्शिंगेन जंक्शन आला. इथे ए-7 आणि ए-8 एकमेकांना ओलांडतात. आसपास जलद चार्जर आहेत. शिल्लक 14.5 युनिट, 25 टक्के. आकडा 55 किमी. घर 103 किमीवर. आता थांबावे लागणार हे मित्राला कळले होते, प्रश्न एवढाच की कुठे.

त्याने फोनवर पाहिले. पुढे 48 किमीवर महामार्गालगतच्या विश्रांतीस्थळी चार्जर होता. महामार्ग सोडायला नको, तिथे खायला मिळेल, आणि मुलीची झोप तेवढीच आणखी जवळजवळ अर्धा तास. 55 वजा 48, सात किमी हातात. तो पुढे गेला.

माझ्या मते सगळ्या प्रवासातली चूक ही एकच, बाकीच्या गोष्टी तिच्या तयारीला होत्या. सात किमी शिल्लक हे ऐकायला धाडसाचे वाटते, पण मुळात ते सात नव्हतेच. एल्शिंगेनला रस्ता डॅन्यूबच्या खोऱ्यात आहे, समुद्रसपाटीपासून साडेचारशे-पावणेपाचशे मीटरवर. तिथून तो श्वाबियन आल्ब नावाच्या पठारावर चढतो आणि होहेनश्टाटजवळ 780 मीटरच्या पुढे जातो. तीनशेहून अधिक मीटरची चढण, 35 किमीत पसरलेली. ती डोळ्यांना दिसत नाही. आपला बोरघाट कसा अंगावर येतो तसे इथे काही होत नाही, शेते आणि पवनचक्क्या बघत माणूस वर पोचतो.

माणसे-सामान धरून 1950 किलोची गाडी तीनशे मीटर उचलायला साधारण पावणेदोन युनिट लागतात. त्या दिवशीच्या खर्चाने ते सात किमी झाले. म्हणजे हातातली शिल्लक चढणीनेच संपवली. उतारावर त्यातले काही परत मिळते, पण उतार शेवटी होता आणि कर्ज आधी फेडायचे होते. पत्ता नेव्हिगेशनमध्ये असता तर बहुतेक हा चढ आकड्यात आला असता.

टक्के एकदम घसरले

मेर्कलिंगेनचा फाटा मागे पडला तेव्हा चार्ज 10 टक्के होता. दोन किमी पुढे, चढावर, तो काही सेकंदांत 7 झाला. मित्र म्हणतो, इथे माझ्या पोटात गोळा आला. त्यासोबत संदेश आला: शक्ती मर्यादित.

तीन टक्के गेले कुठे? कुठेही नाही. ते आधीच नव्हते, किंवा असूनही त्या क्षणी उपयोगाचे नव्हते. बॅटरीत किती चार्ज आहे हे थेट मोजायचे साधन नसते. टाकीत काठी बुडवावी तसे इथे जमत नाही. नियंत्रक दोन गोष्टींवरून अंदाज बांधतो: आत-बाहेर गेलेल्या करंटची बेरीज-वजाबाकी, आणि सेलचा व्होल्टेज. मधल्या भागात व्होल्टेज संथ बदलतो, म्हणून नियंत्रक बेरजेवर विश्वास ठेवतो. तळाशी, दहा टक्क्यांच्या खाली, व्होल्टेज झपाट्याने उतरतो. तिथे बेरजेतली चूक उघडी पडते आणि आकडा दुरुस्त होतो. थंडीत ही दुरुस्ती बहुधा खालच्याच दिशेने होते.

आता कासव का येते ते. या गाडीत 96 सेलगट एकामागोमाग एक जोडलेले आहेत. दहा टक्के चार्जला, काही भार नसताना, प्रत्येकाचा व्होल्टेज 3.4 धरू. एकूण 326 व्होल्ट. बॅटरीला स्वतःचा आतला रोध असतो. जितका करंट ओढाल तितका व्होल्टेज त्या रोधात खर्ची पडतो. नळाला पंप लावल्यावर सोसायटीच्या वरच्या मजल्याचे पाणी बारीक होते, तसे. बॅटरी 25 अंशांना असेल तर या आकाराच्या संचाचा रोध 0.09 ओहमच्या घरात धरता येतो. नोंदीनुसार त्या वेळी ती फक्त 6 अंश होती. दीड तास चालून ती उणे 7 वरून तिथवर आली होती, पण 6 अंशांना रोध दुपटीहून जास्त असतो. 0.2 धरा.

चढ साडेतीन टक्क्यांचा धरला, वेग 110, समोर वारा, तर मागणी 50 किलोवॉटची. त्यासाठी 170 अँपिअरच्या आसपास करंट. गुणिले 0.2, म्हणजे 34 व्होल्टची घट. उरतात 292 व्होल्ट, प्रत्येक सेलला 3.04. नियंत्रकाची खालची मर्यादा तीन व्होल्टच्या आसपास असते. आणि 96 पैकी सगळे सेल सारखे नसतात, सर्वात कमजोर सेल जिथे पोचला तिथे संपूर्ण संच थांबतो. म्हणजे गाडी कड्याच्या टोकावर होती. हीच मागणी 25 अंशांच्या बॅटरीने सहज पुरवली असती, घट 15 व्होल्टच्या आत राहिली असती.

नियंत्रकापुढे दोन मार्ग असतात. मागेल तेवढा करंट देत राहायचे आणि व्होल्टेज मर्यादेखाली गेला की काँटॅक्टर, म्हणजे बॅटरीचा मुख्य स्विच, तोडून गाडी मृत करायची, किंवा करंटच कमी द्यायचा. तो दुसरा मार्ग घेतो. नोंदीत सुरुवातीला कमाल शक्ती 32 किलोवॉटवर आली, मग 5 टक्क्यांना कासव लागले आणि 20 किलोवॉट. 20 किलोवॉटला करंट 64 अँपिअर, घट 13 व्होल्ट, सेल 3.26 वर. एकदम सुरक्षित. म्हणून भार कमी केला की टक्के कधी कधी एक-दोनने वरही सरकलेले दिसतात.

कासव वेगाला बांधत नाही

मित्राला सर्वात विचित्र वाटले ते हे की गाडीने कुठेही "तुमचा वेग आता 50" असे म्हटले नव्हते. वेग आपोआप पडत गेला. आधी 110 वरून 83, मग 52. पॅडल खाली दाबून काही फरक नाही. त्याला वाटले मोटर बिघडली.

कासव शक्तीला मर्यादा घालते, किलोवॉटला. त्या किलोवॉटमधून किती वेग निघेल हे रस्ता ठरवतो. 20 किलोवॉटमधले तीन हीटर आणि इतर गोष्टींना गेले, उरलेल्या सतरावर ही गाडी साडेतीन टक्के चढावर 52 ने चढते. हेच सतरा किलोवॉट सपाटीवर तिला 92 ने नेतात. म्हणजे हे कासव सपाट रस्त्यावर लागले असते तर मित्राला दिवा दिसला असता, बाकी फारसे जाणवले नसते. चढावर तेच जीवावर येते. जर्मन महामार्गावर मुळात ताशी 60 पेक्षा जास्त वेग घेऊ न शकणाऱ्या वाहनांना प्रवेश नाही, आणि कडेला थांबायला बंदी आहे. वाटेत चार्ज संपणे हा तिथे अपघाती बिघाड मानत नाहीत, टाळता येण्यासारखी चूक मानतात.

इथे त्याने दोन गोष्टी बरोबर केल्या. पहिली, पार्किंगचे चारही दिवे लावून तो सर्वात उजव्या लेनमध्ये गेला. दुसरी, हीटर बंद केला. मघाशी मी हीटरला क्षुल्लक म्हटले, पण वीस किलोवॉटच्या तुटपुंज्या वाट्यात अडीच किलोवॉट हा आठवा हिस्सा आहे, आणि इथे प्रश्न रेंजचा नसून चाकांना मिळणाऱ्या शक्तीचा होता. नोंदीत त्या क्षणी वेग 52 वरून 59-60 वर चढलेला दिसतो. मित्राला हे लक्षातही आले नव्हते.

माथा आला तेव्हा 3 टक्के शिल्लक होते. पुढे घाट उतरतो, सात-आठ किमी. ब्रेकमधून वीज परत मिळेल अशी त्याला मोठी आशा, पण थंड बॅटरी चार्ज घ्यायलाही नाखूश असते. थंडीत जोराने चार्ज केल्यास लिथियम धातूच्या रूपात इलेक्ट्रोडवर साचतो आणि ते नुकसान भरून येत नाही, म्हणून नियंत्रक उलट्या दिशेचा करंटही दाबून ठेवतो. अर्धे युनिट परत आले, म्हणजे जेमतेम एक टक्का. खालच्या खोऱ्यातले शेवटचे काही किलोमीटर ट्रकांच्या मागे 80 ने काढून तो 3 टक्क्यांवर विश्रांतीस्थळी पोचला.

तिथे दुसरा अंक. चार्जर मोठा होता, गाडी उन्हाळ्यात त्यावर शंभर किलोवॉटच्या वर घेते. आज 28. बॅटरी थंड असल्याने तेवढेच. चार्जरचा पत्ता गाडीच्या नेव्हिगेशनमध्ये टाकला असता तर तिने वाटेत बॅटरी तापवायला घेतली असती. फोनवर शोधलेला चार्जर गाडीला माहीत नसतो. आणि दहा-पंधरा टक्क्यांच्या खाली बऱ्याच गाड्या ही तापवणी सुरूच करत नाहीत, कारण तिलाही वीज लागते. उरलेल्या 55 किमीसाठी 30 टक्क्यांपर्यंत जायला 35 मिनिटे गेली. मुलगी अर्थातच जागी झाली होती.

तोच रस्ता, तीन आठवड्यांनी

फेब्रुवारीत त्यांना परत जाऊन यायचे होते. येतानाच्या दिवशी उणे 6 होते, वारा किंचित. या वेळी गाडी रात्रभर साध्या भिंतीच्या प्लगला होती आणि निघायच्या अर्धा तास आधी फोनवरून आतली हवा तापवून घेतली. ती वीज बहुतांशी घराच्या मीटरवर गेली, बॅटरीतून नाही. चार्जिंग निघायच्या वेळेपर्यंत चालू राहिल्याने बॅटरीही शून्याच्या वर होती. चार्ज 95 टक्के.

त्याने घराचा पत्ता टाकला, क्रूझ 110 वर लावला आणि रेंजचा आकडा पाहणे सोडून दिले. मी त्याला पाहायला सांगितले होते ते दुसरेच: मागच्या 50 किमीचा सरासरी खर्च आणि पोचल्यावर उरणारे टक्के. खर्च 22 युनिट येत होता. गाडी म्हणत होती घरी 10 टक्के उरतील. आउग्सबुर्गला 10, उल्मच्या आधी 9. हा दुसरा आकडा दर वीस किमीला एक टक्का पडत असेल तर काहीतरी बिनसले आहे, वारा किंवा वेग, आणि निर्णय पुढच्या फाट्याच्या आधी घ्यायचा. पडत नसेल तर गप्प बसायचे.

दहा टक्के पुरले असते, पण चढाच्या माथ्यावर शिल्लक किती असेल हे मी त्याला वेगळे मोजायला लावले, आणि तो एल्शिंगेनला थांबला. चार्जर नेव्हिगेशनमध्ये होता, बॅटरी तापलेली होती, 13 मिनिटांत 14 युनिट भरली. 130 ऐवजी 110 ने चालवल्याचा तोटा महामार्गाच्या दोनशे किमीवर 17 मिनिटे. थांबा धरून एकूण अर्धा तास. जानेवारीत कासव, 28 किलोवॉट आणि घाबरलेले कुटुंब यांत त्याहून जास्त गेला होता.

पुण्या-नाशिकच्या ओळखीच्यांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, आमच्याकडे कुठे उणे 9? खरे आहे. पण यातली वेगाची बाजू समृद्धी महामार्गावर जशीच्या तशी लागू आहे. तिथे गाड्यांना 120 ची मुभा आहे आणि शहरात फिरून आलेल्या गाडीचा आकडा शहराचाच असतो. चढाची बाजू मुंबईहून पुण्याला येताना खोपोलीनंतर लागू आहे, तिथे पाचशे मीटरची चढण अगदी थोड्या अंतरात येते आणि तीन युनिटच्या आसपास मागते. फरक इतकाच की आपली बॅटरी बहुतेक वेळा 25-30 अंशांची असते, त्यामुळे दहा टक्क्यांना गाडी कुरकुरत नाही आणि कासव उशिरा दिसते. ते दिसल्यावर शिल्लक मात्र तितकीच कमी असते, आणि घाटात ते लागले तर वेग तसाच पडतो.

मित्राने गाडीच्या विक्रेत्याकडे तक्रार केली होती, बॅटरी तपासून द्या म्हणून. तपासणीत क्षमता 93 टक्के निघाली, सहा वर्षांच्या मानाने चांगली. कासव लागल्याची नोंद बिघाडांच्या यादीत नव्हतीच. कारण प्रणालीच्या लेखी तो बिघाड नव्हता.